नागपूरहून एका दिवसात रामटेक: आजी-आजोबा आणि लहान मूल सोबत असताना

प्रश्न: डिसेंबरमध्ये लग्नासाठी पुण्याहून नागपूरला येतोय. मधे एक दिवस पूर्ण मोकळा आहे. सोबत आईबाबा (दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात), आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. जंगल सफारी नको, पहाटे चारला उठणं जमणार नाही. संध्याकाळपर्यंत परत यायचंय. कुठे जावं? "नक्की जा, मस्त आहे" एवढंच नको, कसं जायचं, किती चालावं लागतं, काय टाळायचं ते कोणीतरी नीट सांगा.

उत्तर:

रामटेकला जा.

मी नागपुरातून पाहुण्यांना गाडीने आसपास फिरवण्याचं काम करतो. तुमच्यासारखं तीन पिढ्यांचं कुटुंब आलं की बहुतेक वेळा रामटेकच सुचवतो. शहरापासून ते साधारण ५० किलोमीटर आहे आणि गाडी टेकडीवर बरीच वरपर्यंत जाते. आईबाबांना रामाचं दर्शन होतं, मुलीला वानरं आणि तलाव मिळतात, आणि तुम्हा दोघांना इतिहासाची आवड असेल तर दीड हजार वर्षांपूर्वीच्या मूर्ती जागेवरच उभ्या दिसतात. मात्र वेरूळ किंवा मार्कंडासारखं कोरीव काम डोळ्यांसमोर ठेवून येऊ नका. इथली जुनी मंदिरं लहान आणि साधी आहेत. त्यांची गंमत कळायला आधी थोडं माहीत असावं लागतं, ते खाली सांगतो.

सगळ्यात आधी दिवस ठरवा. रविवार आणि सुट्टीचा दिवस शक्यतो सोडा. गडावर गर्दी झाली की गाड्या वर सोडताना अडकतात, आणि ज्या पायऱ्या आईंनी निवांत बसत-उठत चढायच्या त्या रेटारेटीत चढाव्या लागतात. रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेला तर जत्रा असते. तुम्ही डिसेंबरात येताय म्हणजे त्रिपुरी बहुतेक होऊन गेलेली असेल, तरी पंचांगात एकदा पाहून घ्या.

डिसेंबरातली दुसरी अडचण बाहेरगावच्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. नागपुरात तेव्हा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. मंत्री, आमदार, अधिकारी, मोर्चे, सगळं एकाच वेळी शहरात येतं. हॉटेलं भरतात, भाड्याच्या गाड्या मिळत नाहीत आणि सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी भागातले रस्ते मोर्चासाठी अधूनमधून बंद होतात. तुमच्या तारखा अधिवेशनात येत असतील तर गाडी निदान पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. मोर्चे साधारण सकाळ उलटल्यावर निघतात, त्यामुळे लवकर बाहेर पडलात तर जाताना त्रास नाही. परत येताना मात्र ड्रायव्हरला विचारून रस्ता ठरवा.

गाडी ठरवताना एक गोष्ट नीट विचारा. नागपुरात लोकल गाडीचा दर बहुधा "८ तास, ८० किलोमीटर" असा सांगतात. तो ऐकून स्वस्त वाटतं. पण रामटेकला जाऊन, वर गडावर चढून, खिंडसीचा जलाशय आणि मनसरचे जुने अवशेष करून परत यायचं तर १२० किलोमीटरच्या आसपास होतात, आणि आईबाबांच्या वेगाने चाललात तर १०-११ तासही लागतात. म्हणजे वरचे ४० किलोमीटर आणि वरचे दोन-तीन तास वेगळे लागणार. म्हणून फोनवरच सांगा: "रामटेक गडमंदिर, खिंडसी, मनसर, परत, अंदाजे १२० किलोमीटर, ११ तास; टोल आणि पार्किंग धरून किती?" सगळं धरून एक आकडा घ्या आणि मेसेजवर लिहून मागा. पाच जण आणि ड्रायव्हर म्हणजे सहा, तेव्हा सात आसनी गाडीच घ्या. मागच्या रांगेत तुम्ही किंवा मुलगी बसा. आईंना मधल्या रांगेत दरवाज्याजवळ बसवा, म्हणजे गुडघा लांब करता येतो.

सकाळी साडेसातला निघा. डिसेंबरच्या शेवटी सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या थोडं नंतर मावळतो, म्हणजे उजेडाचे तास कमीच. कामठी रोडवरून बाहेर पडायचं. २०२४ च्या ऑक्टोबरात एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक असा डबल डेकर उड्डाणपूल सुरू झाल्यापासून या रस्त्याचा त्रास बराच कमी झाला आहे. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वरून मेट्रो. गड्डीगोदामला तर खालून रेल्वेही जाते. मुलीला खिडकीशी बसवून ते दाखवा. पुढे कामठी, कन्हान, मग जबलपूरचा चौपदरी महामार्ग. मनसर आलं की उजवीकडे रामटेकचा फाटा लागतो, तिथून सहा-सात किलोमीटर. सकाळी एकूण सव्वा ते दीड तास धरा. नाश्ता नागपुरातच करून निघा किंवा पोहे डब्यात घ्या. सकाळच्या वेळी वाटेत खाण्यासाठी थांबलात की अर्धा तास सहज जातो आणि त्याची किंमत पुढे उन्हात पायऱ्या चढताना मोजावी लागते.

आता टेकडी. रामटेकच्या गडावर जायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक गाडीरस्ता, जो गावातून वळणं घेत वरच्या वाहनतळापर्यंत जातो. दुसरा अंबाळा तलावाकडून वर चढणारा जुना पायऱ्यांचा मार्ग. पायऱ्यांचा मार्ग सुरेख आहे, झाडीतून जातो, आणि पूर्वी यात्रेकरू तसेच यायचे. पण तुमच्या आईंसाठी तो नाही. तुम्हाला दोघांना हौस असेल तर उतरताना एकाने मुलीला घेऊन त्या बाजूने खाली यावं आणि गाडी अंबाळ्यावर बोलवावी. आईबाबा गाडीनेच वर जातील आणि गाडीनेच खाली येतील.

एक सूचना नकाशाबद्दल. फोनवर नुसतं "रामटेक" टाकलं तर तो गावात नेऊन सोडतो. "गडमंदिर रामटेक" असं शोधा. आणि अंबाळा तलाव शोधताना "अंबाझरी"वर बोट पडू देऊ नका. अंबाझरी नागपूर शहरात आहे.

गाडी वर जात असली तरी पायऱ्या पूर्ण टळत नाहीत, हे आधीच सांगतो. वाहनतळापासून रामाच्या गाभाऱ्यापर्यंत पायऱ्या आहेत. त्या एका दमात नाहीत, टप्प्याटप्प्याने आहेत. एक दरवाजा, मग थोडी सपाट जागा, मग पुढचा दरवाजा. वराह दरवाजा, सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा अशी नावं आहेत. दगडी पायऱ्या काही ठिकाणी उंच आणि झिजलेल्या आहेत, आणि गुडघेदुखीच्या माणसाला चढण्यापेक्षा उतरताना त्या जास्त जाणवतात.

मध्यंतरी एका कुटुंबाबरोबर अशाच गुडघ्यांच्या आजी होत्या. त्यांच्या मुलाची घाई होती, आजींना एकदाच वर न्यायचं आणि दर्शन करून खाली आणायचं. आम्ही तसं केलं नाही. आधी वाहनतळाजवळच वराहाच्या मूर्तीशी थांबलो, त्यांना तिथे दहा मिनिटं बसू दिलं. मग पहिला दरवाजा, आत गेल्यावर कठड्यावर बसणं, पाणी. पुन्हा पुढचा टप्पा. चढताना त्यांनी चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे त्यांच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं होतं, तेच पाळलं. एका हाताला काठी, दुसऱ्या हाताला नातू, आणि उतरताना त्यांच्या पुढे एक माणूस एक पायरी खाली. वर पोचायला पाऊण तास लागला. एरवी तरुण माणूस पंधरा मिनिटांत पोचतो. पण आजी दर्शन घेऊन हसतच परतल्या आणि दुपारी खिंडसीला सगळ्यांबरोबर जेवल्या. तेव्हा तुम्ही तुमच्या दिवसात गडासाठी तीन तास मोकळे ठेवा. दीड तासात उरकायचं ठरवलंत तर घाई आईंनाच सोसावी लागेल.

वानरांचं काय करायचं तेही सांगून ठेवतो, कारण मुलगी सोबत आहे. काळतोंडी, लांब शेपटीची वानरं वाहनतळापासून देवळापर्यंत सगळीकडे असतात. ती अंगावर येतात ती हातातल्या पिशवीसाठी. प्लास्टिकची कुरकुर ऐकली की त्यांना खाऊच वाटतो. प्रसाद, नारळ, केळी, बिस्किटं हातात किंवा पारदर्शक पिशवीत नेऊ नका. चेनवाल्या सॅकमध्ये टाका आणि सॅक पुढे छातीवर घ्या. पाण्याची बाटलीसुद्धा आत. बाबांचा चष्मा सैल असेल तर दोरी लावा. मुलीला फुटाणे घेऊन देऊन "भरव" म्हणू नका, फोटो छान येतो पण पुढच्या क्षणी मुठीवर चार हात येतात. वानराने काही ओढलंच तर सोडून द्या, खेचाखेची करू नका आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहत दात दाखवू नका. ओरखडा निघाला किंवा चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे रेबीजच्या लशीसाठी जायचं. सहसा ही वेळ येत नाही. खाऊ आत ठेवला तर वानरं तुमच्याकडे बघतही नाहीत.

आता पाहायचं काय, आणि कोणत्या क्रमाने.

पहिला वराह. गडाच्या बाहेरच्या भागात, चार खांबांच्या उघड्या मंडपात तो उभा आहे. माणसाच्या धडाचा नाही, चार पायांवर उभा अख्खा प्राणीच, एका दगडातून कोरलेला. त्याच्या पोटाखालून पलीकडे जाता येतं आणि जो निघून जातो तो पुण्यवान अशी श्रद्धा आहे. मुलगी सहज जाईल. बाबांना वाकायला लावू नका. मूर्तीला हात लावण्यापेक्षा दोन पावलं मागे सरून बाजूने बघा, तिचं वजन आणि मानेचा ताठा बाजूनेच कळतो.

दुसरं, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. ही दोन छोटी दगडी देवळं टेकडीच्या दक्षिण बाजूला आहेत आणि गाडीने आलेले निम्मे लोक ती न बघताच परत जातात. बाहेरून साधी चौकोनी, शिखर नाही, लालसर दगडाची. आत मात्र अख्खा गाभारा भरून टाकणारी नरसिंहाची बैठी मूर्ती आहे. एक गुडघा वर घेतलेला, हातात चक्र, रुंद चेहरा, आणि मांडीवर हिरण्यकशिपू नाही. आपण नेहमी पाहतो तो पोट फाडणारा नरसिंह हा नव्हे. हा स्वस्थ बसलेला आहे, एखाद्या राजासारखा. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत क्षणभर थांबा, मग मूर्ती हळूहळू दिसू लागते. केवल नरसिंहाच्या देवळात भिंतीत एक शिलालेख आहे. अक्षरं बरीच झिजली आहेत. मोबाइलचा टॉर्च समोरून मारलात तर काही दिसत नाही. भिंतीला लगटून, एका बाजूने तिरपा धरलात तर खाचांमध्ये सावली पडते आणि अक्षरांच्या रेघा उठतात. मुलीला हे करून दाखवा. खडू, पावडर, पाणी असलं काही लावायचं नाही.

हे सगळं कुणाच्या काळातलं, ते गाडीत जाताना मुलीला गोष्टीसारखं सांगता येईल, म्हणून थोडक्यात लिहितो. पाचव्या शतकात विदर्भावर वाकाटकांचं राज्य होतं. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली होती. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, तेव्हा तिने स्वतः राज्यकारभार हातात घेतला. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या पायथ्यापासून काही किलोमीटरवरचं आजचं नगरधन. तिचा एक ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या चरणांपासून दिलेला आहे. रामगिरी म्हणजे ज्या टेकडीवर तुम्ही उभे असाल तीच. नगरधनला अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. म्हणजे ही बाई इथे खरोखर येत होती, या टेकडीवरच्या देवाला मानत होती, आणि नरसिंह-वराहाच्या मूर्ती तिच्या घराण्याच्या काळातल्या आहेत. एवढं माहीत असलं की ती साधी चौकोनी देवळं वेगळी दिसायला लागतात.

कालिदासाचं नावही इथे जागोजागी ऐकू येईल. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहत होता तो रामटेकच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं आणि इथे ते सर्वमान्य झालं. छत्तीसगडातल्या रामगढचाही तोच दावा आहे, अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. टेकडीवर कालिदासाचं स्मारक आहे आणि गावात १९९७ साली स्थापन झालेलं कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. स्मारकाला वेळ असेल तर जा. आईंचे पाय थकले असतील तर ते बिनधास्त सोडा, त्यांच्या हातून काही निसटणार नाही.

तिसरं, प्रत्यक्ष गडमंदिर. दरवाजे ओलांडून आत गेलात की आधी लक्ष्मणाचं देऊळ आणि मग रामाचं. आज दिसणारं बरंचसं बांधकाम आणि तटबंदी नंतरच्या काळातली, भोसल्यांनी गडाची डागडुजी केली. दहाच्या आत पोचलात तर दर्शन निवांत होतं. दुपारी नैवेद्याच्या वेळेला थांबावं लागू शकतं, आणि तेव्हा आईंना उभं राहायला लागेल. चपला आत चालत नाहीत. डिसेंबरात सकाळी दगड गार असतो, आईबाबांना जाड मोजे घालू द्या, पण पायरीवर मोजे घसरतात, म्हणून खाली रबरी ठिपके असलेले मोजे मिळतात ते आणा. छोटी वाटते गोष्ट, पण मी ज्येष्ठांना नेहमी हेच सांगतो.

देवळाच्या मागच्या बाजूच्या तटावरून खाली पाहा. टेकड्यांच्या कवेत अंबाळा तलाव आणि काठाची देवळं दिसतात. आईबाबांना अंबाळ्याच्या घाटावर जायची इच्छा असेल तर उतरल्यावर गाडीने पाच-दहा मिनिटांसाठी न्या. तिथे पितरांचे विधी होतात, तेव्हा फोटो काढताना समोर कोण बसलंय ते बघून काढा.

साडेबारा-एकच्या सुमाराला खाली उतरून खिंडसीला जा. रामटेकपासून थोड्याच अंतरावरचा हा मोठा जलाशय आहे, टेकड्यांमध्ये बांध घालून केलेला. इथे जेवणाची सोय आहे, सावली आहे, आणि बसायला खुर्च्या आहेत, म्हणजे आईंच्या पायांना दोन तास आराम. जेवणात फार अपेक्षा ठेवू नका, गर्दीच्या दिवशी ऑर्डर यायला वेळ लागतो. बाबांना पथ्य असेल तर भाकरी-पिठलं किंवा पोळीभाजीचा डबा नागपूरहूनच घ्या. हिवाळ्यात नागपुरात सांबारवडी ताजी मिळते, ती बांधून आणली तर दुपारी पोळीबरोबर छान लागते. पुण्याच्या मंडळींसाठी सांगतो, इथे सांबार म्हणजे कोथिंबीर.

बोटिंग करायचं असेल तर जेवणाआधी करा. लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचं आहे का ते आधी बघा. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकून डोक्यावरून निघतं. तपासायचं कसं: जॅकेट बांधल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचला, हनुवटीच्या वर गेलं तर ते तिचं नाही. योग्य मापाचं नसेल तर बोटिंग सोडा, काठावरून पक्षी बघा. हिवाळ्यात पाण्यावर बदकं उतरलेली असतात, दुर्बीण असेल तर आणा. दुपारी वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या तर आईबाबांना बोटीत बसवू नका, चढता-उतरतानाच तोल जातो.

तीनच्या सुमारास निघून परतीच्या वाटेवर एकच ठिकाण करा: मनसर किंवा नगरधन. दोन्ही करायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतात आणि अंधार पडतो.

तुमच्यासाठी मी मनसर निवडेन, कारण ते परतीच्या रस्त्यावरच आहे. तिथे टेकडीवर आणि तलावाकाठी वाकाटककालीन विटांच्या बांधकामाचे मोठे अवशेष उत्खननात निघाले. प्रभावतीगुप्तेचा मुलगा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर इथेच असावी असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं. मनसरला सापडलेली शिवाची एक अप्रतिम मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्यामुळे इथे मूर्ती शोधू नका, विटा बघा. तीन-चार वाजताच्या तिरप्या उन्हात विटांचे थर, पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेलं जोतं आणि भिंतींचे कोन स्पष्ट उठून दिसतात. दुपारी बाराला तेच सपाट लाल ढीग वाटतात. इथे थोडी चढण आहे. आईबाबांनी खाली गाडीजवळ थांबावं, तुम्ही अर्ध्या तासात वर जाऊन यावं. विटांवर चढू नका, मुलीलाही चढू देऊ नका. कडेच्या विटा सुट्या असतात आणि पाय ठेवला की निखळतात.

मुलीला किल्ला हवाच असेल तर मनसरऐवजी नगरधन. सपाट जमिनीवरचा भुईकोट आहे, चालायला सोपा, आत जमिनीखाली उतरून जायचं देवीचं ठिकाण आहे. उभी तटबंदी वाकाटकांची नाही, पुष्कळ नंतरची आहे, हे मुलीला सांगा, नाहीतर ती प्रभावतीगुप्तेला त्या बुरुजावर उभी करेल. सावली कमी आहे, पाणी सोबत ठेवा.

साडेचारला मनसर सोडलं की सहा-सव्वासहापर्यंत नागपुरात. डिसेंबरात सूर्य कलला की गारठा लगेच वाढतो, आईंसाठी शाल गाडीतच हाताशी ठेवा, डिकीत नको.

गाडी नसलेल्या कुणी हे वाचलं तर: गणेशपेठच्या मुख्य बसस्थानकावरून रामटेकला एसटी जाते. महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, आधार कार्ड सोबत ठेवा. इतवारीहून रेल्वेही जाते, पण फेऱ्या मोजक्या, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून मगच तिच्या भरवशावर निघा. बसस्थानकावरून गडापर्यंत ऑटो करावी लागते. ऑटोवाल्याशी वर थांबण्याचं आणि परत आणण्याचं मिळून बोला, नाहीतर वरून खाली यायला वाहन मिळेपर्यंत ताटकळत बसावं लागतं. बसने आलात तर गड आणि अंबाळा एवढंच करा, खिंडसी-मनसरचा हट्ट धरू नका.

इतर ऋतूंबद्दल दोन शब्द. एप्रिल-मे मध्ये नागपूरकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ज्येष्ठांना घेऊन गडावर जाऊ नका. अनवाणी दगडावर तळपाय भाजतात. जुलै-ऑगस्टमध्ये टेकडी सगळ्यात हिरवी असते, पण अंबाळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळं धरतं.

तुम्ही निघण्याआधी एक करून बघा. लग्नाच्या हॉलवर किंवा हॉटेलात आईंना दोन मजले जिन्याने चढायला लावा, मधे बसून, घाई न करता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला आहे का ते पाहा. सूज नसेल तर वर लिहिलेला दिवस तसाच करा. सूज किंवा ठणका असेल तर गडावर गाडीने जाऊन वराह आणि नरसिंहाची देवळं जेवढी जमतील तेवढी दाखवा आणि पायऱ्या सोडा. रामाचं दर्शन बाबा आणि मुलगी घेऊन येतील. तेवढ्या वेळात आईंसोबत एकजण वाहनतळाशी थांबा, आणि मग त्यांना गावातल्या शांतिनाथाच्या जैन मंदिरात घेऊन जा. ते खाली सपाट जागेवर आहे, शांत आहे, आणि आईंना तिथे आत जाऊन बसता येईल.